आईच्या एफडीवर १५एच देऊनही २० टक्के टीडीएस कापलाय, पॅन तर लिंक आहे, नक्की कुठे अडलंय?

निशिगंध | ४ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल, सांभाळून घ्या. आई ६७ वर्षांची आहे, साताऱ्याला एकटी असते. बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांची आणि आईची जॉइंट एफडी होती, त्यातली १८ लाखांची एफडी आता एकट्या आईच्या नावावर झालीये. ७ टक्क्यांनी दर तिमाहीला ३१,५०० व्याज सेव्हिंगला जमा व्हायला हवं. काल पासबुक भरून आणलं तर जूनला २५,२०० आणि सप्टेंबरला पण २५,२००. म्हणजे दोन्ही वेळा ६,३०० कापले. मी एप्रिलमध्येच स्वतः जाऊन १५एच, म्हणजे टॅक्स बसत नाही तर टीडीएस कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म, दिला होता, शिक्का मारलेली पावती आहे माझ्याकडे. आईला फॅमिली पेन्शन महिना १५ हजार, बाकी हे व्याज आणि दुसऱ्या एका ३ लाखांच्या एफडीचं व्याज, बस. टॅक्स बसायचा प्रश्नच नाही.

काउंटरवरची मुलगी म्हणाली "पॅन अपडेट नाहीये म्हणून सिस्टिमने कापलं". अहो पण पॅन त्याच खात्याला आहे, पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलाय! कोणाला असा अनुभव?

---

लिंबूटिंबू | सकाळी १०:०५

आधार लिंक नसेल. पॅन बंद पडला की २० टक्के कापतात, सेव्हिंगच्या व्याजावर पण. आमच्या शेजारच्या काकांचं असंच झालं, हजार रुपये भरून लिंक केलं आणि सुटले.

---

निशिगंध | सकाळी १०:२२

तेच वाटलं म्हणून इन्कम टॅक्सच्या साइटवर Link Aadhaar Status मध्ये टाकून बघितलं, लिंक्ड दाखवतंय. २०२२ मध्येच केलं होतं बाबांनी.

---

पुणेरी_हिशोब | सकाळी ११:१५

आईंनी मागची दोन वर्षं रिटर्न भरलंय का? रिटर्न न भरणाऱ्यांना डबल टीडीएस असतो. १० चे २० म्हणजे बरोब्बर डबल. हेच कारण.

---

शाखाबंद_काका | दुपारी १२:५०

वरचे दोन्ही प्रतिसाद अर्धे बरोबर आहेत म्हणून आधी ते बाजूला करतो.

पुणेरी, रिटर्न न भरणाऱ्यांना जास्त दर हा नियम होता, पण १ एप्रिल २०२५ पासून तो काढून टाकलाय, आणि होता तेव्हाही एका वर्षात टीडीएस ५० हजारांच्या वर गेलेल्यांनाच लागायचा. या माउलींना तेव्हाही लागला नसता.

लिंबूटिंबू, आधार लिंक नसेल तर पॅन निष्क्रिय होतो आणि २० टक्के लागतात हे खरं. पण सेव्हिंगच्या व्याजावर टीडीएस नसतोच मुळी, कुठल्याही दराने. शेजारच्या काकांची एफडी किंवा आरडी असणार. आणि एफडीवर सुद्धा वर्षाचं व्याज मर्यादेच्या आत असेल तर पॅन नसला तरी काही कापत नाहीत. ज्येष्ठांना ही मर्यादा यंदापासून १ लाख झालीये, बाकीच्यांना ५० हजार. आधी कापायचा प्रश्न येतो, मग १० की २० चा.

निशिगंधताई, मी ३१ वर्षं बँकेत काढली, शेवटची सहा डिपॉझिटच्या टेबलावर. मला वास येतोय वेगळाच. दोन गोष्टी बघून सांगा. एक, आईंच्या पॅनवर लॉगिन करून २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा उतारा, उघडा, जूनच्या तिमाहीचे ६,३०० त्यात दिसतात का. दोन, १८ लाखांच्या पावतीवर छापलेला कस्टमर नंबर आणि पासबुकावरचा कस्टमर नंबर एकच आहे का.

---

मोगरा७ | दुपारी १:३०

आमच्याकडे आधार लिंकच होत नव्हतं हो सासूबाईंचं. पॅनवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. शिवाय आधारवर नुसतं जन्माचं साल, तारीखच नाही. तीन महिने चकरा.

---

निशिगंध | दुपारी ४:१०

काका!! नंबर वेगळे आहेत. पासबुकावर एक आणि पावतीवर वेगळाच. ३ लाखाची एफडी आणि सेव्हिंग पासबुकाच्या नंबरखाली आहेत. आणि २६एएसमध्ये या ६,३०० चा पत्ताच नाही, पूर्ण पान कोरं. म्हणजे बँकेने पैसे कापले आणि भरलेच नाहीत???

---

शाखाबंद_काका | संध्याकाळी ६:२०

भरले असणार, घाबरू नका. फक्त आईंच्या नावाने भरले नाहीत.

असं झालं असणार बघा. बाबा गेल्यावर जॉइंट एफडी एकट्या आईंच्या नावावर करताना शाखेने त्यांना नवीन ग्राहक समजून नवा कस्टमर आयडी उघडला. खरं तर जुना शोधून त्याखाली एफडी लावायला हवी होती, पण मयत खात्यांचं काम गर्दीत होतं आणि नवीन उघडणं सोपं असतं. आता बँकेचं कॉम्प्युटर माणूस ओळखत नाही, आयडी ओळखतं. एका आयडीखालच्या सगळ्या एफडींचं वर्षभराचं व्याज तो आधीच अंदाजाने मोजतो, त्यामुळे १ लाख ओलांडायची वाट न बघता पहिल्या तिमाहीपासूनच कापायला लागतो. मग विचारतो १५एच आहे का, पॅन आहे का. तुमचा १५एच गेला जुन्या आयडीवर. नव्या आयडीवर पॅनच नाही, म्हणून २० टक्के.

गंमत म्हणजे जुन्या आयडीवर ३ लाखांचं व्याज २१ हजार, तिथे १५एच नसता तरी काही कापलं नसतं. म्हणजे तुमचा फॉर्म जिथे गरज नाही तिथे जाऊन बसलाय.

आणि २६एएस कोरं का, तर तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरताना बँक प्रत्येकाचा पॅन लिहिते, पॅन नसेल तर त्या जागी PANNOTAVBL असं जातं. सरकारकडे पैसे पोचले पण कोणाचे ते माहीत नाही. पॅन चालू नसल्यामुळे २० कापले असते तर रक्कम २६एएसमध्ये दिसली असती, कारण नंबर तर खरा असतो. आजाराची ही सोपी परीक्षा आहे, २० टक्के कापून २६एएसमध्ये दिसतंय तर आधारकडे बघायचं, दिसतच नाही तर बँकेतला पॅन गायब आहे नाहीतर चुकीचा आहे.

---

पुणेरी_हिशोब | संध्याकाळी ७:००

चुकीचा असेल तर दुसऱ्याच्या २६एएसमध्ये जाईल ना? कोणाला तरी फुकटचे ६,३००.

---

शाखाबंद_काका | संध्याकाळी ७:१५

होतं तसं, क्वचित. O आणि 0, I आणि 1 ची गल्लत असेल तर नंबर बहुधा ढाच्यातच बसत नाही. पहिली पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. म्हणून सिस्टिम तो घेतच नाही. पण एखादा आकडाच इकडचा तिकडे झाला तर नंबर खरा असू शकतो, दुसऱ्याचा. हल्ली बँका नाव पडताळून घेतात म्हणून कमी झालंय.

---

निशिगंध | रात्री ९:०५

पण काका, मयत क्लेमच्या वेळी मी स्वतः आईच्या पॅनची झेरॉक्स दिली होती! फाइलला लावलेली मला आठवतेय. मग नव्या आयडीला पॅन का नाही टाकला?

---

शाखाबंद_काका | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

हा प्रश्न छान आहे. जॉइंट एफडी कधीची? पावतीवर आईंचं नाव कसं छापलंय, पूर्ण की नुसती अक्षरं?

---

निशिगंध | सकाळी ९:१०

एफडी २००४ पासून रिन्यू होत आलेली. नाव... हो, इनिशियल्स आहेत. आडनाव आणि पुढे दोन अक्षरं फक्त. आणि हो, पॅनवर आणि आधारवर तिन्ही नावं पूर्ण आहेत, अगदी सारखी.

---

शाखाबंद_काका | सकाळी ९:४५

सापडला चोर. नवा आयडी उघडताना नाव जुन्या एफडीवरून जसंच्या तसं उचललं, इनिशियल्ससकट. मग क्लार्कने पॅन टाकला तर आयकर खात्याकडच्या नावाशी जुळला नाही, सिस्टिमने नाकारला. त्यानंतर खरं काम नाव दुरुस्त करायचं, पण त्या दिवशी कोणीतरी बाकीच्या कागदांबरोबर फॉर्म ६० वर सही घेतली असणार. म्हणजे "माझ्याकडे पॅन नाही" असं आईंनी लेखी दिलं. क्लेमच्या गठ्ठ्यात दहा ठिकाणी फुल्या मारून देतात, कोण वाचतंय.

शाखेत विचारा, फाइलमध्ये फॉर्म ६० निघतो का.

---

दुबईकर_सदू | सकाळी ११:२०

माझा पण असाच प्रॉब्लेम. मी एनआरआय, एनआरओ एफडीवर ३० टक्क्यांच्या वर कापतात, पॅन आधार लिंक नाही म्हणून का? मला तर आधारच नाही. १५एच भरू का?

---

शाखाबंद_काका | दुपारी १२:०५

सदूभाऊ, तुमचं प्रकरण वेगळं आहे. एनआरओच्या व्याजावर मुळातच ३० टक्के आणि वर सेस असतो, पॅन कितीही चांगला असला तरी. १५जी आणि १५एच रहिवाशांसाठी, तुम्हाला नाहीत. एनआरआयला आधार लिंकची सक्ती नाही, पण आयकर पोर्टलवर तुमचं स्टेटस अजून रेसिडेंट राहिलं असेल तर पॅन निष्क्रिय झालेला असू शकतो, तेवढं तपासा. स्वतंत्र धागा काढा, इथे निशिगंधताईंचं राहून जाईल.

---

मोगरा७ | दुपारी १:१५

माझ्या प्रश्नाला कोणी उत्तरच दिलं नाही 😅 सासूबाईंचं पॅन माहेरच्या आडनावाचं, आता सासरच्या नावाने दुरुस्त करायला टाकलं तर नंबर बदलतो का? पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचं आहे म्हणे, आणि बँकेतला एक जण म्हणाला की "आडनाव वेगळं, पाचवं अक्षर वेगळं, म्हणजे हा पॅन चुकीचा आहे".

---

शाखाबंद_काका | दुपारी ३:३०

त्या गृहस्थांना सांगा चुकीचा नाही. पाचवं अक्षर पॅन काढला तेव्हाच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नानंतर नाव दुरुस्त होतं, कार्ड नवीन येतं, नंबर तोच राहतो. बायकांचे अर्धे पॅन असेच असतील, आमच्या घरात दोन आहेत.

लिंक करायचं तर पॅन आणि आधारवर नाव, जन्मतारीख, लिंग जुळायला लागतं. स्पेलिंगमध्ये थोडाफार फरक असेल तर आधारच्या ओटीपीवर भागतं, पण आडनावच वेगळं असेल तर आधी दोन्हीपैकी एक दुरुस्त करायला लागेल. सासूबाई सगळीकडे सासरचं नाव लावत असतील तर पॅनच बदला, शंभर रुपयांच्या आसपास फी आहे, विवाहाचा दाखला चालतो. आधारवर नुसतं साल असेल तर पोर्टलवर लिंक करताना त्यासाठी वेगळी टिक असते, ती मारा. बहुतेक लोक तीच विसरतात आणि म्हणतात साइट बंद आहे. आणि एवढं करूनही जुळलं नाही तर पॅन सेवा केंद्रात बोटांच्या ठशांनी पडताळणी होते.

सासूबाई ८० च्या वर असतील तर मात्र लिंकची सक्तीच नाही.

---

मोगरा७ | दुपारी ३:५०

७४. 😔 बरं, बघते.

---

लिंबूटिंबू | संध्याकाळी ५:००

पण लिंक केल्यावर लगेच चालू होतो का? आणि आधीचे कापलेले परत मिळतात का? शेजारचे काका म्हणतात मिळाले.

---

शाखाबंद_काका | संध्याकाळी ५:४०

लगेच नाही. १,००० रुपये भरले, लिंकची विनंती केली, की सक्रिय व्हायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. त्या मधल्या काळात तिमाही संपली तर २० लागतात. जुलैमध्ये सीबीडीटीने एक परिपत्रक काढलं, त्यात १ ऑगस्टनंतरच्या व्यवहारांसाठी त्या महिन्याच्या शेवटापासून दोन महिन्यांत पॅन सक्रिय झाला तर कमी दराने कापल्याबद्दल बँकेला दोष लागत नाही अशी सवलत आहे. पण ती बँकेला आहे, बँकेने २० कापलेच असतील तर ते ती परत करेल असा तिचा अर्थ नाही. ते रिटर्नमधूनच येतात.

---

कोकणी_फणस | रात्री ८:१०

माझं मत ऐकाल तर एफडीच मोडा आणि दुसऱ्या बँकेत ठेवा. असल्या बँकेत कशाला ठेवायचे पैसे.

---

निशिगंध | रात्री ८:२५

नको हो, मोडली तर व्याजदर कापतात, आणि आईला तीच शाखा चालत जाता येते. काका, आता नक्की काय करू? उद्या सोमवार आहे, मी साताऱ्यालाच आहे.

---

शाखाबंद_काका | रात्री ९:००

उद्याच जा, उशीर करू नका, कारण आहे. सप्टेंबरला कापलेले पैसे बँक ७ ऑक्टोबरपर्यंत सरकारकडे भरते. भरण्याआधी पॅन लागला तर काही बँका नोंद उलटी करतात, काही म्हणतात आता हेड ऑफिसला विचारा. हातात पडले तर पडले. पण त्याहून मोठी तारीख ३१ ऑक्टोबर, कारण दुसऱ्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न तोपर्यंत जायचंय. त्याच्या आधी नव्या आयडीत नाव आणि पॅन बसला तर सप्टेंबरचे ६,३०० आईंच्या पॅनवर जातील. आणि मध्ये दिवाळी आहे, २० तारखेनंतर शाखेत कोणी सापडणार नाही.

जूनचे मात्र गेलेत. त्या रिटर्नची मुदत ३१ जुलैला संपली, त्यामुळे बँकेला दुरुस्ती रिटर्न भरावं लागेल. शाखेला त्याचा अधिकार नसतो, त्यामुळे तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात दोन्ही कस्टमर नंबर, पॅन, एफडी नंबर, तिमाही, रक्कम लिहा आणि दोन मागण्या करा. दोन्ही आयडी एकत्र करा, आणि जूनच्या टीडीएसच्या नोंदीत पॅन बसवा. सोबत पॅनची झेरॉक्स.

आणि नवीन १५एच पण द्या, एकत्र झालेल्या आयडीवर. आधी नाव, मग पॅन, मग १५एच, याच क्रमाने. पॅन नसलेल्या आयडीवर दिलेला १५एच कायद्याने ग्राह्यच नाही, त्यामुळे क्रम उलटा झाला तर परत तेच.

---

पुणेरी_हिशोब | रात्री ९:३०

१५एच चालेल का पण? दोन्ही आयडी एकत्र केल्यावर व्याज १,४७,००० होतं, १ लाखाच्या वर.

---

शाखाबंद_काका | रात्री ९:५०

म्हणूनच तर १५एच लागतो. १ लाखाच्या आत असतं तर तो द्यायची गरजच नसती. पेन्शन १ लाख ८० हजार आणि व्याज १ लाख ४७, म्हणजे ३ लाख २७. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, तेव्हा १५एच द्यायला त्या पात्र आहेत. वर्षाला २५,२०० जाण्याऐवजी शून्य.

---

निशिगंध | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

काका तुमच्या तोंडात साखर पडो, फॉर्म ६० निघाला! आईची सही, खाली तारीख, आणि त्याच फाइलीत मागच्या पानाला पॅनची झेरॉक्स टाचलेली. मॅनेजरसाहेब बघतच राहिले. म्हणाले "मॅडम, सही तुमचीच आहे ना". आई म्हणाली "सही माझी आहे पण तुम्ही सांगितलं तिथे केलीय". ते गप्प.

नाव दुरुस्तीला आधार आणि केवायसी फॉर्म घेतला. पॅन दुसऱ्या प्रयत्नात घेतला सिस्टिमने (आधी क्लार्कने मधल्या नावाचं स्पेलिंग चुकवलं होतं 🙄). १५एच त्यावर दिला. आयडी एकत्र करायचं काम हेड ऑफिसचं, "टिकट टाकतो" म्हणाले. सप्टेंबरची नोंद उलटी करायला नाही म्हणाले, भरणा आजच गेला म्हणे. जूनच्या दुरुस्तीच्या अर्जावर पोच द्यायला तयारच नव्हते, आई खुर्चीतून उठेना तेव्हा दिली.

---

कोकणी_फणस | दुपारी ३:४५

आईंना सलाम.

---

लिंबूटिंबू | दुपारी ४:३०

पैसे रोख परत नाही देत का मग बँक?

---

शाखाबंद_काका | संध्याकाळी ६:००

सरकारकडे गेलेला टीडीएस बँक परत देत नाही. २६एएसमध्ये दिसला की पुढच्या वर्षी रिटर्न भरून रिफंड मागायचा. आईंना एरवी रिटर्न भरायची गरज नव्हती, यंदा १२,६०० साठी भरावं लागेल. आणि जूनचे २६एएसमध्ये यायच्या आत रिटर्न भरू नका.

निशिगंधताई, हेड ऑफिसचं "टिकट" म्हणजे विसरण्याची जागा. आयडी एकत्र होईपर्यंत डिसेंबरच्या आधी दोन्ही नंबरांवर १५एच आणि पॅन आहे हे स्क्रीनवर बघून या, सांगण्यावर नको.

---

निशिगंध | २० नोव्हेंबर, सकाळी १०:३०

अपडेट द्यायला आले. २६एएसमध्ये सप्टेंबरचे ६,३०० आले, आईच्या पॅनवर. जूनच्या जागी अजून कोरंच. दोनदा विचारलं, "दुरुस्ती रिटर्न तिमाही संपल्यावर एकदम जातं" असं म्हणाले, खरंय का काका? आयडी एकत्र अजून झालेले नाहीत. पण स्क्रीन बघून आले, दोन्हीवर पॅन आणि १५एच आहे.

---

शाखाबंद_काका | दुपारी १२:१५

कायद्यात तसं काही नाही, दुरुस्तीला तिमाही संपायची वाट बघावी लागत नाही. पण बऱ्याच बँका गठ्ठा करून टाकतात हेही खरं. जानेवारीपर्यंत दिसलं नाही तर बँकेच्या तक्रार विभागाला पोचपावतीची प्रत जोडून पाठवा. मला खात्रीने सांगता नाही येणार कधी होईल ते.

---

मोगरा७ | दुपारी १२:४०

आमच्या सासूबाईंचं पॅन कार्ड आलं सासरच्या नावाने, नंबर तोच! लिंक पण झालं, सालाची टिक मारून. आता बँकेत मात्र अजून माहेरचं नाव आहे, तिथे आधी जायचं की...?

---

शाखाबंद_काका | दुपारी १२:५५

उद्याच.